पाप मापात नाही, नमुन्यात आहे

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण काट्यावर नग मोजायची पद्धत दाखवली. दहा नट ठेवले, बटण दाबलं, पूर्ण पिशवी ठेवली, आकडा आला. बघायला एकदम सोपं. पण व्हिडिओत एक गोष्ट नीट बोलायला वेळ पुरला नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वजनावरून नग मोजणं ही चांगली पद्धत आहे, पण आपल्याकडे बहुतेक दुकानांत ती चुकीच्या नमुन्यावर चालते. आणि त्यातून जो फरक पडतो तो गपचूप गिऱ्हाइकाच्या माथी जातो. हे थांबवायला नवीन मशीन लागत नाही. नमुना किती घ्यायचा आणि कुठून घ्यायचा एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

एक प्रकार सांगतो. गडचिरोलीकडचे एक फॅब्रिकेशनवाले भाऊ माझे गिऱ्हाईक आहेत. पत्र्याचे रॅक बनवतात. एकदा त्यांनी दुसरीकडच्या एका ठोक दुकानातून ६ एमएमचे २,००० बोल्ट आणि २,००० नट उचलले. काम संपता संपता १२१ बोल्ट उरले आणि नट संपले. माझ्याकडे नट घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "भाऊ, त्यानं माझ्या डोळ्यासमोर मोजून दिले, काट्यावर. मग नट गेले कुठं?" त्यांना वाटत होतं फसवलं. मी त्यांच्याजवळचे उरलेले बोल्ट आणि रॅकवरचे काही नट काढून वजन केले, तेव्हा उलगडा झाला. फसवाफसवी काहीच नव्हती. काट्यानेही खोटं सांगितलं नव्हतं.

झालं असं होतं. ठोकवाल्याचा काटा ३० किलोचा, ५ ग्रॅमच्या टप्प्याचा. म्हणजे तो २५ दाखवतो, मग एकदम ३०. मधलं काही दाखवत नाही. त्याने दहा नट ठेवले. त्यांचं खरं वजन होतं २५.८ ग्रॅम. काट्याने दाखवले २५. म्हणजे एक नट २.५ ग्रॅमचा, असं धरून त्याने २,००० नटांसाठी ५ किलो तोलून दिले. पण नट खरा २.५८ ग्रॅमचा. ५,००० ला २.५८ ने भागा, येतात १,९३८. झाले ६२ कमी.

आता बोल्ट. दहा बोल्टांचं खरं वजन ६८ ग्रॅम, काट्याने दाखवले ७०. म्हणजे एक बोल्ट ७ ग्रॅमचा धरला आणि १४ किलो दिले. १४,००० भागिले ६.८, म्हणजे २,०५९. बोल्ट ५९ जास्त!

एकच काटा, एकच माणूस, एकच बटण. नट कमी, बोल्ट जास्त, आणि दोन्ही मिळून १२१ बोल्ट बिनानटाचे. ठोकवाल्याला यात एक पैसा फायदा झाला नाही, उलट बोल्टात तो बुडाला. पण काम कोणाचं थांबलं? गडचिरोलीहून चंद्रपूर म्हणजे जवळपास ८० किलोमीटर. ६२ नटांसाठी यायचं-जायचं पेट्रोल आणि अर्धा दिवस भावांचा गेला.

आधी काट्याची पाटी वाचा

गणित सगळ्यांना माहीत आहे:

एका नगाचं वजन = नमुन्याचं वजन ÷ नमुन्यातले नग

एकूण नग = एकूण वजन ÷ एका नगाचं वजन

यात कुठली चूक मोठी होते ते बघा. पोत्याच्या वजनात २-३ ग्रॅमचा फरक आला तर एका नटाचा फरक पडेल. पण नमुन्याच्या वजनात तेवढाच २-३ ग्रॅमचा फरक आला तर तो प्रत्येक नटाला चिकटतो आणि पूर्ण पोत्यात गुणला जातो. पोतं मोठं आहे म्हणून आपण पोतं तोलताना काळजी घेतो, आणि नमुना छोटा आहे म्हणून मूठभर टाकून मोकळे होतो. पाहिजे बरोबर उलटं.

तुमच्या काट्याला एक पाटी किंवा स्टिकर असतो. त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: मॅक्स, मिन आणि ई. ई म्हणजे काट्याचा टप्पा. ३० किलोच्या दुकानी काट्यावर बरेचदा ई ५ ग्रॅम असतो, आणि मिन असतो १०० ग्रॅम. मिन म्हणजे त्याच्या खाली या काट्यावर तोलू नका. आपल्या दुकानात चालणाऱ्या वर्ग तीनच्या काट्याला मिन हा टप्प्याच्या २० पट असतो. तो नियमच आहे. कारण त्याच्या खाली टप्प्याची चूकच वजनाच्या मानाने फार मोठी होते. ठोकवाल्याने २५ ग्रॅम तोलले, म्हणजे काटा जिथे तोलायला बनलेलाच नाही तिथे तोलले. पाटी काट्यावरच होती, वाचली कोणी नाही.

टप्पा ५ ग्रॅमचा म्हटलं की दाखवलेला आकडा खऱ्या वजनापेक्षा अडीच ग्रॅम इकडे किंवा तिकडे असू शकतो. आता २.५ ग्रॅमचा नट घ्या आणि समजा पोत्यात २५ किलो, म्हणजे दहा हजारांच्या आसपास नट आहेत.

नमुना १० नटांचा घेतला, वजन २५ ग्रॅम. अडीच ग्रॅमचा फरक म्हणजे १० टक्के. पोत्यात हजार नटांची चूक होऊ शकते.

नमुना १०० नटांचा, वजन २५० ग्रॅम. तोच अडीच ग्रॅम आता १ टक्का. पोत्यात १०० नट.

नमुना ४०० नटांचा, वजन १ किलो. आता पाव टक्का. पोत्यात २५ नट.

काटा तोच, खर्च शून्य. फक्त नमुना वाढवला. ४०० नट हाताने मोजायला आपल्या पोराला दहा मिनिटं लागतात. हजार नटांच्या चुकीपुढे दहा मिनिटं काहीच नाहीत.

बारीक काटा आणला, तरी चूक जात नाही

यावर काही जण म्हणतात, सर, मग सोनारवाला काटा घेतो, ०.०१ ग्रॅमचा. दहा नट ठेवले की काम फत्ते. चांगला विचार आहे, पण अर्धाच. बारीक काट्याने टप्प्याची चूक जाते. मग दुसरी चूक समोर येते, जी आधी तिच्या मागे लपलेली होती. ती म्हणजे नगा-नगातला फरक.

दहा नट वेगवेगळे बारीक काट्यावर ठेवले तर असे आकडे येतात: २.४४, २.५१, २.४८, २.५६, २.५०, २.४७, २.५५, २.४५, २.५३, २.५१. सरासरी बरोबर २.५०. पण एकही नट दुसऱ्याचा जुळा भाऊ नाही. कोणाचे आटे थोडे खोल, कोणाची उंची केसभर कमी, कोणावर जस्ताचा मुलामा जाड. यांचा फरक काढला तर एक नट सरासरीपासून साधारण ०.०४ ग्रॅम, म्हणजे १.६ टक्के इकडे-तिकडे असतो. (एक्सेलमध्ये हे दहा आकडे टाका आणि `=STDEV(A1:A10)` लिहा, ०.०४ येईल.)

आता तुम्ही पोत्यातून दहाच नट उचलले आणि योगायोगाने त्यात जड नट जास्त आले, तर सरासरी वाढते आणि पोत्यातले नट कमी दिसतात. हलके आले तर उलट. काटा कितीही बारीक असो, त्याला हे कळत नाही. तो फक्त त्याच्या पारड्यातल्या नटांबद्दल बोलतो. पोत्यातल्या बाकीच्यांबद्दल आपण अंदाज करतो.

ही चूकही नमुना वाढवला की कमी होते, पण थोड्या कंजूसपणाने. नमुना चौपट केला तर चूक निम्मी होते. वरच्या नटांचं धरलं तर दहा हजारांच्या पोत्यात, २० पैकी १९ वेळा, चूक या हद्दीत राहील: नमुना १० चा असेल तर १०० नट, ४० चा असेल तर ५० नट, १६० चा असेल तर २५ नट. अजून निम्मी करायची तर ६४० नट मोजावे लागतील. माझ्या मते १६० च्या आसपास थांबावं. त्यापुढे मेहनत जास्त आणि फायदा कमी.

दोन काटे वापरत असाल, म्हणजे नमुना बारीक काट्यावर आणि पोतं मोठ्या काट्यावर, तर आधी दोघांची भेट घालून द्या. एकच ५०० ग्रॅमचं वजन दोन्हीवर ठेवा. एक ५०० म्हणतो आणि दुसरा ५०५, तर तो एक टक्क्याचा फरक तुमच्या हिशेबात येणारच. आणि ध्यानात ठेवा, ऑनलाइन मिळणारा बिनाशिक्क्याचा छोटा काटा आपल्या घरच्या स्टॉकसाठी ठीक आहे. गिऱ्हाइकाला त्यावर तोलून माल देता येत नाही. विक्रीच्या काट्याला वैधमापन विभागाची पडताळणी आणि शिक्का लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी.

शंभरचं पाकीट नेमकं, दहा हजारांचं पोतं अंदाजे

ही गोष्ट समजली की पूर्ण पद्धत समजली, म्हणून जरा सावकाश बघा.

शंभर नटांचं पाकीट बारीक काट्यावर ठेवलं तर वजन २५० ग्रॅमच्या आसपास येईल. नटांमधल्या फरकामुळे ते २४९.२ ते २५०.८ च्या मध्ये हलेल, कारण जड नट हलक्या नटांची भरपाई करतात. ९९ नट असतील तर वजन २४७.५ च्या आसपास, म्हणजे २४६.७ ते २४८.३. दोन्हींच्या मध्ये मोकळी गल्ली आहे. म्हणजे २४७.८ दिसलं की एक नट कमी आहे हे ठाम सांगता येतं. सरासरी काढताना जी थोडी चूक राहिली ती धरली तरी ही गल्ली बंद होत नाही, नमुना १६० चा असेल तर.

आता हजार नटांचा ढीग घ्या. त्याचं वजन २,४९७.५ ते २,५०२.५ मध्ये हलेल. ९९९ नटांचं हलेल २,४९५ ते २,५०० मध्ये. इथे दोघं एकमेकांवर चढले. काट्यावर २,४९९ दिसलं तर हजार आहेत की ९९९, देव जाणे. काटा महागाचा घेतला तरी हे बदलत नाही, कारण फरक नटांत आहे, काट्यात नाही.

याचा नियम साधा आहे. टक्क्यातली चूक गुणिले नग, याचं उत्तर अर्ध्या नगाच्या खाली असेल तर मोजणी नेमकी. अर्ध्याच्या वर गेली की तो अंदाज. काट्याच्या स्क्रीनवर दोन्ही वेळा पूर्ण आकडा दिसतो, १०० सुद्धा आणि ९,९८७ सुद्धा. पहिला मोजलेला आहे, दुसरा अंदाज. स्क्रीन तुम्हाला हा फरक सांगत नाही. तो दुकानदाराला माहीत पाहिजे.

म्हणून कोणाला दहा हजार नट नेमके पाहिजेत तर पोतं तोलू नका. शंभर-शंभरची शंभर पाकिटं तोला. हातमोजणीपेक्षा खूप लवकर होतं, आणि प्रत्येक पाकीट आपापल्या हिशेबात बरोबर असल्यामुळे चूक साचत नाही.

लॉट एकजात आहे का?

आतापर्यंतचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे: पोत्यातला माल एका जातीचा आहे. तो तसा नसेल तर नमुना कितीही मोठा घ्या, वरून घेतला असेल तर वरचंच सांगेल.

हे सगळ्यात छान नाण्यांत दिसतं. चिल्लर घेऊन बँकेत गेलात तर मोजत बसायला कोणाला आवडत नाही. रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगून ठेवलं आहे की १ आणि २ रुपयांची नाणी शक्यतो तोलून घ्या, किंवा शंभर-शंभरच्या पाकिटात घ्या. पण नाणी तोलायची तर आधी वेगळी करावी लागतात. १९९२ पासून निघालेलं स्टीलचं १ रुपयाचं नाणं ४.८५ ग्रॅमचं आहे. २०११ च्या मालिकेतलं १ रुपयाचं ३.७९ ग्रॅमचं. आणि त्याच मालिकेतलं २ रुपयांचं नाणं किती ग्रॅमचं? ४.८५! जुन्या एक रुपयाएवढंच.

आता तुमच्या गल्ल्यातल्या शंभर एक-रुपयांत ५० जुने आणि ५० नवे असले, आणि नमुना नव्यांचा घेतला, तर काटा ४३२ ग्रॅमला ३.७९ ने भागून ११४ नाणी दाखवेल. शंभराचे ११४ झाले. बटण बरोबर, काटा बरोबर, लॉट मिसळलेला.

नट-बोल्टात हेच होतं, फक्त डोळ्याला दिसत नाही. अर्धं पोतं मागच्या कंपनीचं, त्यावर नवीन कंपनीचा माल ओतला. दोन्ही ६ एमएमच, पण एकाचा नट २.५० आणि दुसऱ्याचा २.५८. म्हणून माझ्या दुकानात मी एक नियम ठेवला आहे: जुन्या मालावर नवा माल ओतायचा नाही. आणि नमुना तीन ठिकाणाहून घ्यायचा, वरून, मधून, तळातून, प्रत्येकी ५० ते ६० नग. तिन्हींची सरासरी वेगवेगळी काढायची. तिघांत एक टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर समजायचं की माल मिसळलेला आहे किंवा काहीतरी गडबड आहे. मग तोलून मोजणं बंद. आधी माल वेगळा करा. तळातून घेणं यासाठीही जरुरी आहे की तेल लावलेल्या मालाचं तेल हळूहळू खाली उतरतं आणि तळातले नग वरच्यांपेक्षा जड होतात.

बारदाना विसरू नका. खोक्याचं वजन ३०० ग्रॅम असेल आणि ते वजा करायचं राहिलं तर १२० नट हवेत तयार होतात. खोक्यावर छापलेल्या बारदान्यावर भरवसा नको, खोकं रिकामं करून तोला. आपल्याकडे पावसाळ्यात पुठ्ठा आणि ज्यूटचं पोतं ओल धरतं. उन्हाळ्यात लिहून ठेवलेलं बारदान्याचं वजन जुलैमध्ये चालत नाही.

काय तोलून मोजायचंच नाही

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत याचं उत्तर दर उन्हाळ्यात जंगलात मिळतं. तेंदूपत्ता! आपल्या महाराष्ट्रात तेंदूची प्रमाण गोणी म्हणजे १,००० पुडे, आणि एका पुड्यात ७० पानं. म्हणजे एका गोणीत ७० हजार पानं, आणि ती सगळी हाताने मोजून बांधलेली. एखादा शहरातून आलेला माणूस म्हणेल, काय हा उद्योग, शंभर पुडे तोला, बाकी सगळं किलोवर घ्या.

करून बघा. सकाळी तोडलेलं पान आणि दुपारी उन्हात पडलेलं पान यांचं वजन सारखं नाही. संकलन केंद्रावर पुडे वाळायला पसरले की पाणी उडतं आणि वजन रोज घटतं. पान लहान-मोठं असतं ते वेगळंच. सकाळचा नमुना घेऊन संध्याकाळचा ढीग तोलला तर पुडे कमी दिसतील, आणि मजुरी बुडेल ती तोडणाऱ्या बाईची. तिने पानं तेवढीच आणलेली आहेत, पाणी तेवढं नाही. इथे हाताने मोजणं हा मागासलेपणा नाही. या मालाला तीच बरोबर पद्धत आहे.

यातून दुकानासाठी कसोटी निघते. ज्या मालाचं वजन तासातासाला बदलतं, किंवा नगा-नगात मोठा फरक आहे, तो तोलून मोजू नका. रबर वायसर, नट, स्क्रू, छर्रे, साच्यातून निघालेले प्लास्टिकचे नग, हे चालतात. हाताने कापलेले तुकडे, लाकडी मुठी, ओलसुकं वनउपज, हे नाही. कळत नसेल तर दहा नग वेगवेगळे तोला. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यांत दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर हात वापरा.

फरक कोणी सोसायचा?

आता माझं मत, ज्यावर काही दुकानदार मित्र माझ्याशी भांडतात.

किलोने विकलं तर किलो द्या. नगाने विकलं तर नग द्या. पण किलोने तोलून नगाचं बिल करत असाल तर मधला जो फरक आहे तो दुकानदाराने सोसावा. गिऱ्हाइकाने नाही.

मित्र म्हणतात, कधी जास्त जातं, कधी कमी जातं, सरासरी बरोबर राहते ना! दुकानदारासाठी राहते. तो वर्षात पाचशे वेळा तोलतो. गिऱ्हाईक एकदाच घेतो. त्याच्यासाठी सरासरी नावाची गोष्ट नाही, त्याच्या हातात ६२ नट कमी आहेत एवढंच खरं. शिवाय जास्त गेलेले ५९ बोल्ट त्याच्या काही कामाचे नाहीत, नट नसतील तर.

आणि सोसायला खर्च किती येतो? नीट नमुना घेतला तर चूक पाव ते अर्धा टक्का. दोन हजार नटांवर दहा नट वरून टाकले की गिऱ्हाइकाला कमी पडायची शक्यता जवळजवळ संपते. नट एक रुपयाचा धरा, दहा रुपये झाले. दोन हजार नट हाताने मोजायला पोराला अर्ध्या तासाच्या वर लागतो, त्याची मजुरी यापेक्षा जास्त आहे. म्हणजे दहा नट फुकट देऊनही तुम्ही फायद्यात. नग महाग असेल, बेअरिंगसारखा, तर वरून द्यायचा प्रश्नच नाही. तिथे हाताने मोजा आणि काट्यावर फक्त पडताळा.

नट-बोल्ट-वायसर असा सेट जात असेल तर नट आणि वायसर थोडे जास्त टाका, बोल्ट मोजून द्या. सेट अडतो तो सगळ्यात कमी असलेल्या नगावर.

आणि खरेदी करताना हीच हद्द उलट्या बाजूनेही पाळा. व्यापाऱ्याने दहा हजार म्हणून पाठवलं आणि तुमच्या काट्यावर ९,९८० आले, तर फोन करून भांडू नका. तुमची मोजणी २५ ने इकडे-तिकडे आहे, वीसचा फरक तिच्या पोटात जातो. ९,८०० आले तर मात्र बोला. पण बोलायच्या आधी नवीन नमुना घेऊन परत तोला, आणि शेवटची तपासणी करा: २०० नग हाताने मोजून काट्यावर ठेवा, काटा किती दाखवतो ते बघा. त्याने २०० दाखवले तर तुमची बाजू पक्की. २०४ दाखवले तर आधी आपलं घर तपासा.

आज दुकान बंद करायच्या आधी एवढं करा. काट्याची पाटी वाचा, मिन आणि ई वहीत लिहा. तुमच्याकडे सगळ्यात जास्त खपणारा एक नग घ्या, दहा नग वेगवेगळे तोला, फरक लिहा. मग १६० नगांची सरासरी काढून मालाच्या डब्यावर चिकटवा, सोबत तारीख आणि कंपनी. नवीन लॉट आला की चिठ्ठी फाडा आणि नवीन लावा. पुढच्या व्हिडिओत आपण याच चिठ्ठ्यांवरून वर्षाअखेरची स्टॉकमोजणी करणार आहोत, तेव्हा वही सोबत ठेवा.